सिरिंजमधलं तेल नेमकं कुठलं? ट्रान्सफॉर्मर ऑइलचा नमुना घेण्याची पद्धत आणि फसवे अहवाल

एका पॉवर ट्रान्सफॉर्मरचा वार्षिक अहवाल हातात आला. हायड्रोजनच्या रकान्यात ४१२ पीपीएम. आदल्या तीन वर्षांत हा आकडा वीसच्या पुढे गेला नव्हता. तेलातलं पाणी ९ पीपीएमवरून ३८ वर गेलेलं. बाकीचे वायू मात्र होते तिथेच होते: मिथेन १०, इथेन १२, इथिलीन ८, ॲसिटिलीन शून्य. खाली प्रयोगशाळेचा शेरा होता, 'पार्शल डिस्चार्जची शक्यता, त्वरित तपासणी करावी'. वरच्या पातळीवर शटडाऊनची तारीख ठरवायला सुरुवातही झाली.

ज्या तंत्रज्ञाने नमुना घेतला होता त्याला मी एवढंच विचारलं, "सिरिंज लावायच्या आधी किती तेल सोडलं होतंस?"

"एक मग भरून सोडलं ना साहेब. नेहमीएवढंच."

मग म्हणजे साधारण अर्धा लिटर. त्या ट्रान्सफॉर्मरच्या ड्रेन व्हॉल्व्हपासून नमुना घ्यायच्या कॉकपर्यंत ५० मिलिमीटर व्यासाचा, सव्वा मीटरच्या आतबाहेर लांबीचा पाइप होता. हिशेब करा: १.२ मीटर धरले तरी त्या पाइपात जवळजवळ २.४ लिटर तेल मावतं. त्यातलं अर्धा लिटर सोडून दिलं, तर सिरिंजमध्ये जे आलं ते पाइपातलंच. टाकीतलं तेल कॉकपर्यंत पोचलंच नव्हतं. प्रयोगशाळेने वर्षभर पाइपात साचून राहिलेल्या तेलाचं अचूक विश्लेषण केलं आणि आम्ही तो निकाल ट्रान्सफॉर्मरचा म्हणून वाचत बसलो.

या लेखात मी एकाच प्रकारच्या नमुन्याबद्दल लिहिणार आहे. कॉन्झर्व्हेटर असलेल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून काचेच्या सिरिंजमध्ये घेतलेला, विरघळलेल्या वायूंच्या (डीजीए) आणि पाण्याच्या तपासणीसाठीचा नमुना. वायूंच्या नमुन्याची पद्धत आयईसी ६०५६७ मध्ये आणि तेलाच्या नमुन्याची सर्वसाधारण पद्धत आयईसी ६०४७५ मध्ये दिलेली आहे. तिथल्या पायऱ्या बहुतेकांना पाठ असतात. प्रत्येक पायरी चुकली की अहवालात नेमकं काय बिघडतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आधी वायूंचा स्वभाव

तेलात विरघळलेले सगळे वायू सारख्याच घट्टपणे तेलाला धरून राहत नाहीत. तेल आणि त्यावरची हवा समतोलात असताना कोणता वायू तेलात किती राहतो हे ऑस्टवाल्ड गुणांक सांगतो. खनिज तेलासाठी २० अंश सेल्सिअसला तो हायड्रोजनचा ०.०५, कार्बन मोनॉक्साइडचा ०.१२, मिथेनचा ०.४३, ॲसिटिलीनचा १.२, इथिलीनचा १.७ आणि इथेनचा २.४ आहे. साध्या भाषेत, हायड्रोजनला तेलात राहायचंच नसतं. जरा मोकळी जागा दिसली की तो बाहेर. इथेन आणि इथिलीन मात्र तेलातच रमतात.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. सिरिंजमध्ये ५० मिलिलिटर तेल आहे आणि वर १ मिलिलिटरचा बुडबुडा. समतोल झाल्यावर तेलात उरलेल्या हायड्रोजनचं प्रमाण म्हणजे ०.०५ × ५० भागिले (०.०५ × ५० + १), म्हणजे २.५ भागिले ३.५, म्हणजे ७१ टक्के. वाटाण्याएवढ्या बुडबुड्याने २९ टक्के हायड्रोजन पळवला. हेच गणित ॲसिटिलीनसाठी केलं तर तेलात ९८ टक्क्यांहून जास्त उरतं. आता बुडबुडा वाईट, पण अर्धवट भरलेली बाटली त्याहून किती वाईट ते बघा. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० मिलिलिटर तेल आणि वर १०० मिलिलिटर हवा असेल, तर तेलात फक्त १७ टक्के हायड्रोजन उरतो. बाटली घट्ट बंद असली तरी.

म्हणजे निष्काळजी नमुन्यात सगळे आकडे सारख्या प्रमाणात कमी-जास्त होत नाहीत. वायूंची एकमेकांशी असलेली गुणोत्तरंच बदलतात, आणि दोषाचं निदान तर आपण गुणोत्तरांवरच करतो. मात्र याच कारणामुळे चूक आपल्या खुणाही मागे ठेवते. त्या कशा ओळखायच्या ते पुढे येईलच.

जाण्याआधी

सिरिंज काचेची, ५० मिलिलिटरची, तोंडाला थ्री-वे कॉक बसवलेली. ती प्रयोगशाळेतून धुऊन, ओव्हनमध्ये सुकवून, कॉक बंद करूनच आली पाहिजे. साइटवर सिरिंज उघडून पुसायची नाही, आणि एका सिरिंजचा दांडा दुसरीत घालायचा नाही. काचेचा दांडा आणि नळी एकमेकांना घासून जुळवलेली जोडी असते. अदलाबदल केली की फटीतून हायड्रोजन निसटतो. चांगल्या सिरिंजमधून आठवड्याला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त हायड्रोजन जाता कामा नये, अशी आयईसीची अपेक्षा आहे. जोडी बदललेली सिरिंज डोळ्यांना ठणठणीत दिसते, पण ही परीक्षा ती पास होईलच असं नाही.

नळी पारदर्शक, तेलाला टिकणारी आणि शक्य तितकी आखूड घ्या. साधी रबरी नळी नको, ती वायू आणि ओल दोन्ही शोषते आणि पुढच्या नमुन्याला देते. टॅप चेंजरच्या तेलासाठी वापरलेली नळी मुख्य टाकीला कधीच लावायची नाही. यावर मी पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण ही चूक सगळ्यात महागात पडते. याशिवाय धागे न सुटणारं कापड, सोडलेलं तेल धरायला मोठं भांडं, तेलाचं तापमान मोजायला थर्मामीटर आणि सिरिंज ठेवायला कप्प्यांची, उजेड आत न येणारी पेटी लागते.

दिवस निवडणं आपल्या हातात असेल तर पाऊस, धुकं आणि भल्या पहाटेची दमट वेळ टाळा. तेल भोवतालच्या हवेपेक्षा गरम असलेलं बरं. थंड व्हॉल्व्हवर आणि थंड काचेवर दमट हवेतली वाफ दवासारखी बसते, आणि तो थर थेट नमुन्यात उतरतो.

टाकीत दाब आहे की ओढ?

व्हॉल्व्हला हात लावण्यापूर्वी कॉन्झर्व्हेटरची पातळी बघा. पातळी नीट असेल आणि ब्रीदर तुंबलेला नसेल तर खालच्या व्हॉल्व्हवर तेलाच्या स्तंभाचा दाब असतोच. पण ब्रीदर बंद पडलेला असेल, रबरी पिशवी अडकलेली असेल किंवा उपकरण सीलबंद प्रकारचं असेल, तर आत वातावरणापेक्षा कमी दाब असू शकतो. अशा वेळी कॉक उघडला की तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये तो बुडबुडा वर चढून वाइंडिंगजवळ पोचला तर स्फोटापर्यंत मजल जाऊ शकते.

तपासायची युक्ती सोपी आहे. पारदर्शक नळीत थोडं तेल भरून तो थेंबांचा पट्टा नळीच्या मधोमध राहील अशी धरा. नळी कॉकला जोडा आणि व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा. पट्टा बाहेरच्या बाजूला सरकला तर दाब आहे, पुढे जा. टाकीच्या दिशेने सरकला तर तत्क्षणी बंद करा आणि यंत्र डी-एनर्जाइझ केल्याशिवाय नमुन्याचा विचार सोडा. करंट ट्रान्सफॉर्मर आणि बुशिंग यांच्यात तेल इतकं कमी असतं की उत्पादकाच्या परवानगीशिवाय आणि मशीन चालू असताना त्यांना हात लावूच नये.

तेल सोडणं: मग नाही, हिशेब

ब्लँक फ्लँज किंवा टोपण काढा, व्हॉल्व्हचं तोंड आतून-बाहेरून कापडाने स्वच्छ पुसा. तिथे गंज, चिखल, कोळिष्टकं, कधी कधी पाण्याचा थेंबही सापडतो. मग अडॅप्टर बसवून नळी जोडा आणि तेल सोडायला सुरुवात करा.

किती सोडायचं? 'एक-दोन लिटर' हा प्रचलित आकडा लहान कॉकसाठी ठीक आहे. पण मधे लांब पाइप असेल तर हिशेब करावाच लागतो. पाइपात मावणाऱ्या तेलाच्या किमान दुप्पट, जमल्यास तिप्पट तेल सोडावं. २५ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर पाइपात जेमतेम अर्धा लिटर मावतं, त्यामुळे तिथे दीड लिटर पुरतं. ५० मिलिमीटरच्या पाइपात तेवढ्याच लांबीला चौपट मावतं, हे लोक विसरतात. पाइपाची लांबी आणि व्यास एकदा मोजून त्या ट्रान्सफॉर्मरच्या रजिस्टरमध्ये 'नमुन्याआधी सात लिटर सोडणे' असं लिहून ठेवलं की दरवर्षीचा वाद मिटतो. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या हजारो लिटर तेलात सात लिटर म्हणजे काहीच नाही, फक्त कॉन्झर्व्हेटरच्या पातळीची नोंद ठेवा.

साध्या हाताच्या स्पर्शालाही फरक कळतो. पाइपातलं तेल हवेच्या तापमानाचं असतं, टाकीतलं गरम. सोडताना नळी आधी थंड, मग कोमट आणि मग गरम होऊन एका तापमानावर स्थिरावते. ती स्थिरावेपर्यंत तुम्ही पाइपच रिकामा करत असता. थर्मामीटर भांड्यातल्या तेलात नव्हे तर वाहत्या धारेत धरा, आणि स्थिर झालेला आकडा लिहून ठेवा. पाण्याच्या निकालाचा अर्थ लावताना तो लागणार आहे.

एकदा धार जमली की मुख्य व्हॉल्व्ह कमी-जास्त करू नका. प्रत्येक हलवण्याबरोबर बैठकीवरचा मळ सुटून नमुन्यात येतो. पुढचं सगळं नियंत्रण सिरिंजच्या कॉकने करायचं.

सिरिंज भरणं

थ्री-वे कॉकला तीन वाटा असतात: व्हॉल्व्हकडून येणारी, सिरिंजकडे जाणारी आणि बाहेर भांड्यात सोडणारी. सुरुवातीला व्हॉल्व्हची वाट बाहेरच्या वाटेला जोडा, म्हणजे नळीतली हवा निघून जाईल. नळीत एकही बुडबुडा दिसत नाही तोवर थांबा.

मग कॉक फिरवून तेल सिरिंजमध्ये येऊ द्या. दांडा ओढायचा नाही. तेलाच्या दाबानेच तो सरकला पाहिजे. हाताने ओढला की आत पोकळी तयार होते, तेलातले वायू त्या पोकळीत सुटतात आणि फटीतून हवाही आत येते. दांडा आपोआप सरकत नसेल तर तो चिकटला आहे. दुसरी सिरिंज घ्या, जोर लावू नका.

पहिला भरणा टाकून द्यायचा असतो. साधारण निम्मी भरल्यावर कॉक असा फिरवा की सिरिंज बाहेरच्या वाटेला जोडली जाईल, सिरिंजचं तोंड वर करा आणि दांडा ढकलून सगळं तेल आणि त्याबरोबरची हवा बाहेर काढा. असं दोनदा करा. यात दोन कामं होतात. काच आणि दांड्यामधली फट तेलाने भरून ती वायूबंद होते, आणि काचेवर राहिलेली ओल गरम तेलाबरोबर निघून जाते. ही दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटते म्हणून आकडा देतो. ५० मिलिलिटर तेलाचं वजन साधारण ४४ ग्रॅम. काचेवर केवळ एक मिलिग्रॅम पाणी राहिलं, जे डोळ्यांना दिसतही नाही, तरी अहवालात २३ पीपीएमची भर पडते. निरोगी ट्रान्सफॉर्मरचं तेल एवढ्यानेच 'ओलं' ठरतं.

तिसऱ्यांदा भराल तो खरा नमुना. ४० ते ४५ मिलिलिटरला थांबा, काठोकाठ भरू नका. कॉक बंद करा, मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, आणि नंतरच सिरिंज सोडवा. डीजीए आणि पाणी यांच्यासाठी दोन वेगळ्या सिरिंज घेतल्या तर प्रयोगशाळेचं काम सोपं होतं.

दोन बुडबुडे

बुडबुड्याबद्दल एक गोष्ट बहुतेक ठिकाणी उलटी केली जाते. भरताना शिरलेला बुडबुडा बाहेरच्या हवेचा असतो. तो ताबडतोब, तोंड वर करून काढायचा. त्याहून बरं म्हणजे तो भरणाच टाकून पुन्हा भरायचा.

दोन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसणारा बुडबुडा वेगळा. तो नमुन्यातूनच सुटलेला वायू असतो आणि त्यातच हायड्रोजनचा मोठा वाटा असतो. तो काढून टाकला की नमुनाच गेला. तो तसाच प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, आणि चिठ्ठीवर 'वाहतुकीत बुडबुडा तयार झाला' असं लिहिलं पाहिजे. मी पाहिलं आहे की चांगल्या हेतूने, पाठवण्याआधी 'साफ' करण्यासाठी, लोक नेमका हाच बुडबुडा काढतात.

तो तयार होतो कसा? ६० अंशांचं तेल २० अंशांना आलं की आकसतं. ५० मिलिलिटरमागे सुमारे दीड मिलिलिटर. दांडा मोकळा असेल तर तो तेवढा आत सरकतो आणि काहीच बिघडत नाही. पण दांडा रबर बँडने बांधला असेल, चिकटपट्टीने घट्ट केला असेल किंवा पेटीत दाबून बसवला असेल, तर आत दीड मिलिलिटरची पोकळी तयार होते. वरचंच गणित लावलं तर ३८ टक्के हायड्रोजन त्या पोकळीत जातो. म्हणून दांडा सरकायला जागा देणारी पेटी हवी. चिकटपट्टी कॉकवर लावा, दांड्यावर नको. प्रवास जितका थोडा तितकं बरं, आणि सिरिंज उन्हात अजिबात ठेवू नका. प्रकाशाने तेलाचं ऑक्सिडेशन सुरू होतं आणि आतला ऑक्सिजनचा आकडा घसरू लागतो.

पाण्याचा आकडा तापमानाशिवाय वाचू नका

पाण्याचा पीपीएम कार्ल फिशर पद्धतीने मोजला जातो आणि तो आकडा चांगला असतो. पण ३८ पीपीएम म्हणजे किती ओलं, हे तेलाच्या तापमानावर ठरतं. नव्या खनिज तेलात २० अंशांना साधारण ५५ पीपीएम पाणी विरघळू शकतं, ३० अंशांना ८३, ५० अंशांना १७४ आणि ६० अंशांना २४० च्या आसपास.

माझ्या त्या अहवालात तंत्रज्ञाने तापमानाच्या रकान्यात ३० लिहिलं होतं. ते हवेचं तापमान होतं. टाकीतलं तेल प्रत्यक्षात ५२ अंशांवर होतं. ३० अंश धरलं तर ३८ पीपीएम म्हणजे ४६ टक्के संपृक्तता, म्हणजे कुणालाही धडकी भरावी. ५२ अंश धरलं तर तेच २० टक्के. गंमत अशी की इथे दोन चुका एकमेकांवर चढल्या होत्या: पाणीही टाकीतलं नव्हतं आणि तापमानही टाकीतलं नव्हतं.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे. ट्रान्सफॉर्मरमधलं बहुतेक पाणी कागदात असतं. तेल तापलं की कागद पाणी सोडतो, निवलं की परत घेतो, पण ही देवाणघेवाण संथ असते. लोड नुकताच वाढला किंवा नुकताच उतरला असताना घेतलेल्या नमुन्यातून कागदाच्या ओलाव्याचा अंदाज काढायला जाऊ नका. मागच्या वर्षीचा नमुना थंड हवेत, कमी लोडवर घेतला असेल आणि यंदाचा भर उन्हाळ्यात, तर दोन आकड्यांची वजाबाकी अर्थहीन आहे.

टॅप चेंजरची नळी

ऑन-लोड टॅप चेंजरच्या डायव्हर्टर स्विचचं तेल रोज ठिणग्या झेलतं. त्यात हजारो पीपीएम ॲसिटिलीन असणं स्वाभाविक आहे. आता समजा तिथे ६००० पीपीएम आहे. तिथला नमुना आधी घेतला आणि तीच नळी मुख्य टाकीला लावली. नळीत आणि अडॅप्टरमध्ये जुनं तेल राहिलं, त्यातलं केवळ एक मिलिलिटर ५० मिलिलिटरच्या नमुन्यात गेलं. मुख्य टाकीच्या अहवालात १२० पीपीएम ॲसिटिलीन येईल. टॅप चेंजरशी तेलाचा संबंध नसलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आयईसी ६०५९९ च्या तक्त्यानुसार नेहमीचा आकडा २ ते २० च्या दरम्यान असतो. १२० दिसल्यावर कुठलाही शहाणा माणूस मशीन बंद करायला सांगेल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी मुख्य टाकी, मग टॅप चेंजर, आणि दोन्हींना वेगळ्या नळ्या, वेगळे अडॅप्टर. नळीला रंगीत पट्टी बांधून ठेवा. सिरिंजच्या क्रमांकांची अदलाबदल झाली तरी हेच होतं, म्हणून चिठ्ठी सिरिंज भरल्याबरोबर, तिथेच उभं राहून लिहायची. ऑफिसात आल्यावर आठवणीने नाही.

चिठ्ठीवर ट्रान्सफॉर्मरचा अनुक्रमांक, कोणत्या व्हॉल्व्हमधून, तारीख-वेळ, वाहत्या तेलाचं तापमान, लोड, हवामान, किती लिटर सोडलं आणि सिरिंज क्रमांक हे असतंच. लोक विसरतात ती एक नोंद म्हणजे शेवटचं तेल-फिल्टरेशन कधी झालं. डीगॅसिंगमध्ये वायू निघून जातात. ती तारीख कळली नाही तर विश्लेषक 'प्रगती झाली' असं समजतो.

अहवाल आल्यावर कुठे बघायचं

मी आधी ऑक्सिजन आणि नायट्रोजन बघतो, मग दोषाचे वायू. हवेने संपृक्त झालेल्या तेलात ऑक्सिजन सुमारे ३५ हजार आणि नायट्रोजन ७० हजार पीपीएम असतो, म्हणजे गुणोत्तर ०.५ च्या जवळ. रबरी पिशवीच्या कॉन्झर्व्हेटरमध्ये ऑक्सिजन सहसा त्याच्या कितीतरी खाली असतो. समजा दरवर्षी तो २००० च्या आसपास येतो आणि यंदा ६२०० आला. नमुन्यात एक मिलिलिटर हवा मिसळली की बरोबर एवढाच फरक पडतो: ऑक्सिजन ४२०० ने वाढतो, नायट्रोजन सुमारे १५,६०० ने. वाढ जर अशी साधारण एकास चार या, म्हणजे हवेतल्याच प्रमाणात असेल, तर पिशवी फाटल्याचा निष्कर्ष काढण्याआधी नमुना पुन्हा घ्या. पिशवी खरंच फाटली असेल तर दुसऱ्या नमुन्यातही तेच दिसेल आणि महिन्यागणिक वाढत जाईल.

एकटा हायड्रोजन घसरला, कार्बन मोनॉक्साइडही थोडा उतरला आणि इथेन-इथिलीन जागेवर, तर वायू निसटला आहे: बुडबुडा, चिकटलेला दांडा किंवा गळकी सिरिंज. ही चूक जास्त धोक्याची, कारण तिच्यामुळे कुणी घाबरत नाही. खरा पार्शल डिस्चार्ज सुरू असला तरी अहवाल शांत दिसतो.

एकटा हायड्रोजन वाढला आणि बरोबर पाणीही वाढलं, तर पाइपातल्या शिळ्या तेलाचा संशय घ्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी एल्बोवर पाण्याचा थेंब राहिला की जस्त आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन तयार होतो. त्याला डिस्चार्ज लागत नाही. आणि मात्रा किती लागते? त्या २.४ लिटर तेलात ४०० पीपीएम हायड्रोजन म्हणजे जेमतेम एक मिलिलिटर वायू. मिलिग्रॅमभर पाणी आणि दोन-तीन मिलिग्रॅम जस्त पुरेसं आहे.

त्या अहवालातला शेरा तसाही पुरता बसत नव्हता. पार्शल डिस्चार्जच्या चौकटीसाठी मिथेन भागिले हायड्रोजन ०.१ पेक्षा कमी लागतं, ते ०.०२ होतं. पण इथिलीन भागिले इथेनही ०.२ पेक्षा कमी लागतं, आणि ते होतं ०.६७. एक अट जुळली, दुसरी नाही. शिवाय मिथेन-इथेन तीन वर्षं जागचे हलले नव्हते. वाइंडिंगमध्ये डिस्चार्जने चारशे पीपीएम हायड्रोजन केला आणि मिथेनला त्याचा पत्ताही नाही, हे पटत नाही.

पण संशय म्हणजे निर्णय नव्हे. 'सॅम्पलिंगचीच चूक असेल' म्हणून अहवाल बाजूला सारणं हा दुसऱ्या टोकाचा निष्काळजीपणा आहे. ॲसिटिलीन दिसला असेल किंवा बुकोल्झ रिलेचा अलार्म आला असेल तर पुन्हा नमुना त्याच दिवशी घ्या, आणि निकाल येईपर्यंत दोष खरा आहे असंच वागा. दुसरा, नीट घेतलेला नमुना पहिल्याशी जुळला तर तिथे वाद संपला.

पुन्हा नमुना घेताना मी एक जास्तीची सिरिंज मुद्दाम वापरतो. पहिली पाइपातलं तेल थोडंसं सोडल्यावर लगेच भरायची, आणि दुसरी पूर्ण हिशेबाने तेल सोडल्यावर. दोन्हींवर वेगळे क्रमांक, दोन्ही एकाच दिवशी एकाच प्रयोगशाळेला. दोन निकाल सारखे आले तर दोष टाकीत आहे. वेगळे आले तर तो व्हॉल्व्ह आणि कॉक यांच्या मधे आहे.

त्या ट्रान्सफॉर्मरवर तसंच केलं. पहिल्या सिरिंजमध्ये हायड्रोजन ४३० आणि पाणी ४१ पीपीएम निघालं. मग सात लिटर तेल सोडलं, नळी ५२ अंशांवर स्थिरावली, आणि दुसरी सिरिंज भरली. तिच्यात हायड्रोजन १९, पाणी १० पीपीएम, म्हणजे ५२ अंशांना पाच टक्के संपृक्तता. शटडाऊन रद्द झाला. पुढच्या नियोजित बंदच्या वेळी टोपण काढलं तेव्हा गॅल्व्हनाइज्ड एल्बोच्या आत पांढरट पूड बसलेली होती आणि टोपणाच्या गॅस्केटला चीर गेलेली होती. पावसाचं पाणी तिथूनच शिरत होतं. एल्बो काढून पितळी अडॅप्टर बसवला, गॅस्केट बदललं. पुढच्या वर्षी कुतूहल म्हणून पाइपातल्या पहिल्या, टाकून द्यायच्या तेलाचीही सिरिंज पाठवली. त्यात हायड्रोजन २४ पीपीएम होता.